सायटिका: निसटलेली गादी शरीर स्वतःच खाऊन टाकतं

‘गादी सरकली आहे, जाणकाराकडून जागेवर बसवून घ्या.’ नितंबापासून पायाच्या मागून विजेसारखी कळ उतरू लागली, की हा सल्ला हमखास मिळतो. पण मणक्यांमधली गादी सरकतच नाही. वरच्या आणि खालच्या मणक्याला ती घट्ट चिकटलेली असते. होतं असं, की तिचं बाहेरचं चिवट कडं मागच्या बाजूला चिरतं आणि आतला खळीसारखा गर बाहेर येतो. बहुतेक वेळा हे कंबरेच्या शेवटच्या दोन गाद्यांपैकी एकीत घडतं. तिथूनच पायाकडे जाणाऱ्या सायटिक नसेची मुळं निघतात.

नस नुसती दबली, तर मुख्यतः मुंग्या आणि बधिरपणा येतो. एवढी कळ येते ती सुजेमुळे. गादीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तो गर रोगप्रतिकारक पेशींपासून जन्मभर लपलेला असतो. तो बाहेर आला, की त्या पेशी त्याला परका समजतात आणि तिथे दाह सुरू होतो. 1993 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी डुकरांच्या गादीतला गर त्यांच्याच नसांच्या मुळांवर ठेवला, दाब मात्र अजिबात दिला नाही. तरीही त्या नसांमधून संदेश जाण्याचा वेग घटला.

याच दाहाची दुसरी बाजू मला फार विलक्षण वाटते. बाहेर आलेल्या तुकड्याच्या कडेने नव्या बारीक रक्तवाहिन्या उगवतात. त्यांच्यातून महाभक्षक पेशी येतात, विकरं सोडून तो तुकडा विरघळवतात आणि गिळतात. म्हणजे आज दुखवणारी सूजच उद्याची सफाई करते. म्हणून एमआरआयमध्ये भीतीदायक दिसणारा, पूर्ण सुटून पडलेला मोठा तुकडा आक्रसण्याची शक्यता सर्वात जास्त असते. कडं शाबूत असलेला नुसता फुगवटा मात्र या पेशींच्या हाती लागत नाही, तो बहुधा तसाच राहतो. या सफाईला काही महिने लागतात. दुखणं त्याआधीच ओसरू शकतं, कारण दाह आधी शमतो.

तोवर घरी काय करायचं? समजा, दिवसभर मशीनवर वाकून बसणाऱ्या एका शिंप्याला डाव्या नितंबापासून पोटरीमागून करंगळीपर्यंत कळ जाते आणि शिंकलं की झटका बसतो. कळ असह्य झाली, की त्याने पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवाव्यात, म्हणजे मुळावरचा ताण कमी होतो. पण दिवसचे दिवस अंथरूण धरू नये. 1999 साली नेदरलँड्समध्ये झालेल्या चाचणीत दोन आठवडे झोपून राहिलेल्यांना इतरांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. दिवसातून अनेकदा पाच-दहा मिनिटं घरातल्या घरात चालावं आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त सलग बसू नये.

मग पालथं पडून पाहावं. दोन-तीन मिनिटांनी कोपरांवर छाती उचलावी, कंबर सैल सोडावी. खूण एकच पाहायची: कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून नितंबात अशी वर सरकते का? तसं होत असेल, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी दिशा बरोबर आहे. कळ पायात आणखी खाली उतरली, तर लगेच थांबावं. पायाचे अंगठे धरायचा व्यायाम किंवा पश्चिमोत्तानासन या दिवसांत नको. त्याने स्नायू मोकळा होण्याऐवजी सुजलेली नसच ताणली जाते. शेकाने कंबरेचे आखडलेले स्नायू सैल होतात, पण नसेच्या मुळापर्यंत तो पोहोचत नाही. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारून थोडेच दिवस घ्याव्यात.

बहुतेकांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत बरंच कमी होतं. पायाळू माणसाची लाथ, पायावर दिलेला डाग, कटाकट मोडलेली कंबर यांना श्रेय मिळतं ते यामुळेच. डागाची जखम मात्र खरी असते, आणि चिरलेल्या कड्याला जोराचा झटका दिला तर आणखी गर बाहेर येऊ शकतो.

शिंप्याने रोज एक तपासणी करावी: भिंतीला हात टेकवून एकेका पायाच्या चवड्यावर उभं राहायचं, मग टाचांवर चार पावलं चालायचं. एका पायाची ताकद कमी होत चालली, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. आणि लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, गुदद्वार व जांघांभोवतीची जागा बधिर झाली किंवा दोन्ही पाय लुळे वाटू लागले, तर रात्र असली तरी त्याच वेळी मोठं रुग्णालय गाठावं. कंबरेत नसांचा अख्खा जुडगा दाबला गेलेला असू शकतो. अशा वेळी शस्त्रक्रिया काही तासांत व्हावी लागते.