पंधराची मुदत चौदाला का दिसते?

पुण्यात बसून एखाद्या टास्कला १५ ऑक्टोबर २०२५ ही मुदत लावली आणि न्यू जर्सीतल्या सहकाऱ्याला ती १४ ऑक्टोबर दिसली, की पहिला संशय माणसांवर जातो. टास्कची हिस्ट्री उघडावी तर कुणीच हात लावलेला नसतो. मग ‘अ‍ॅप हॅक झालं’ इथपासून ‘सध्या बुध वक्री आहे’ इथपर्यंत निदानं सुरू होतात. बुध वक्री दिसतो तो पाहणाऱ्याच्या जागेमुळे, आणि ही तारीख सरकलेली दिसते तीही पाहणाऱ्याच्या जागेमुळेच. दोघांचं नातं तेवढंच.

गडबडीचं मूळ असं की आपण फक्त तारीख निवडतो, पण बरीच सॉफ्टवेअर तिचा एक क्षण करून साठवतात. तारीख म्हणजे क्षण नव्हे. पुण्यात १५ ऑक्टोबरला जन्मलेला माणूस शिकागोला राहायला गेला म्हणून वाढदिवस चौदाला करत नाही. पण तारखेसोबत वेळ दिलेली नसली की प्रोग्राम मुकाट्याने मध्यरात्रीचे ००:०० धरतो. ही मध्यरात्र कुठली, यावर पुढचं सगळं ठरतं.

ती भारतातली धरली, तर जागतिक प्रमाणवेळेत म्हणजे यूटीसीत साठवताना साडेपाच तास वजा होतात. डेटाबेसमध्ये जातं ते असं:

```
2025-10-14T18:30:00Z
```

शेवटचा `Z` म्हणजे यूटीसी. पुण्यातल्या स्क्रीनवर साडेपाच तास परत मिळवले जातात आणि १५ तारीख नीट दिसते. न्यू जर्सी ऑक्टोबरमध्ये यूटीसीच्या चार तास मागे असते, त्यामुळे तिथे हाच क्षण १४ ऑक्टोबर, दुपारी अडीच असा उमटतो. साठवलेली नोंद एकच आहे, फक्त ती दाखवताना वापरलेलं टाइम झोनचं सेटिंग वेगळं आहे.

मध्यरात्र यूटीसीची धरली तर थोडं वेगळं चित्र दिसतं. भारतात तारीख बरोबर, पण तिच्या शेजारी कुणीच न टाकलेली पहाटे ५:३० ही वेळ येते, आणि न्यू जर्सीत १४ तारखेचे रात्रीचे आठ. म्हणून स्क्रीनवर विनाकारण ५:३० दिसले किंवा एक्स्पोर्ट केलेल्या फाइलीत 18:30 दिसले, की चोर सापडलाच म्हणून समजा.

इथवर नुसतं दिसणं बिघडलेलं असतं. पण जावास्क्रिप्टची एक खोड खरोखरच तारीख खाते. या दोन ओळी पाहा:

```
new Date("2025-10-15")
new Date("2025-10-15T00:00")
```

पहिलीचा अर्थ यूटीसीची मध्यरात्र, दुसरीचा अर्थ त्या यंत्राच्या स्थानिक वेळेची मध्यरात्र. वेळ लिहिली की अर्थच बदलतो! आता समजा फॉर्मने १५ तारखेची भारतीय मध्यरात्र घेतली, `toISOString()` ने ती यूटीसीत नेली आणि डेव्हलपरने त्यातली पहिली दहा अक्षरंच ठेवली. उरलं `2025-10-14`. उद्या कुणी तोच टास्क नुसतं शीर्षक दुरुस्त करायला उघडला, फॉर्मने पुन्हा १४ची भारतीय मध्यरात्र धरली, आणि सेव्ह केल्यावर तारीख १३ झाली. प्रत्येक सेव्हला एक दिवस गळतो. अमेरिकेत हाच कोड असा गळत नाही, कारण तिथली मध्यरात्र यूटीसीत त्याच तारखेच्या पहाटे पडते. त्यामुळे तिथे बसून चाचणी करणाऱ्याला हा दोष सापडतच नाही.

दिसण्यातला बिघाड की साठवणीतला, हे ओळखायला मोबाइलचा टाइम झोन तात्पुरता न्यूयॉर्कचा करून अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा. तारीख बदलली आणि झोन पूर्ववत केल्यावर परत आली, तर दोष दाखवण्यातला. मग तीन सेटिंग्ज जुळवून पाहा: यंत्राचा झोन, अ‍ॅपमधल्या प्रोफाइलचा झोन आणि टीम किंवा प्रोजेक्टचा झोन. प्रोफाइलमध्ये खातं उघडतानाचा परदेशी झोन तसाच राहिलेला असू शकतो. तारीख परत आणायला घड्याळाचे काटे मात्र हाताने पुढे करू नका. त्याने साठवलेली नोंद सुधारत नाहीच, वर रिमाइंडर चुकीच्या वेळी वाजतात.

दुरुस्ती कोडमध्ये करायची तर दिवसाची मुदत वेळ न जोडता निव्वळ `2025-10-15` अशीच साठवावी आणि दाखवताना तिचा क्षण करूच नये. कॅलेंडरच्या फाइलींत त्यासाठी `DUE;VALUE=DATE:20251015` अशी सोय आहेच. फॉर्म भरण्याची खिडकी बंद होण्यासारखी मुदत मात्र खरोखरच क्षण असते, तिथे वेळ आणि `Asia/Kolkata` असं झोनचं पूर्ण नाव हवं. नुसतं ‘आयएसटी’ लिहिलं तर आयर्लंड आणि इस्रायलही त्यावर हक्क सांगतात.

कोड आपल्या हातात नसेल, तर टास्कला संध्याकाळी ५:३० ही वेळ द्यावी. तेव्हा यूटीसीत भर दुपारचे बारा असतात, त्यामुळे हवाईपासून सिडनीपर्यंत तारीख तीच राहते. न्यूझीलंडमध्ये मात्र तोवर सोळा उजाडलेली असते.