पाच टक्के कमी-जास्त, पण कशाचे?

सोलापुरात टॉवेलची मोठी ऑर्डर दिली की कारखानदार एक वाक्य हमखास बोलतो: "थोडं कमी-जास्त होईल हं, शेठ." तो लबाडी करत नसतो. ही अडचण मागावरच तयार होते. पाच हजार नग हवे म्हणून नेमक्या पाच हजारांचा ताणा, म्हणजे उभे धागे, मागाच्या बीम नावाच्या रुळावर घेतला, तर तपासणीत लूप ओढलेले, डाग पडलेले नग बाजूला निघतात आणि माल कमी भरतो. म्हणून ताणा थोडा जास्तच भरतात. एकदा भरलेला बीम संपेपर्यंत विणावा लागतो, नाहीतर उरलेले सूत वाया जाते. किती नग सेकंडमध्ये, म्हणजे दोषामुळे दुय्यम मालात, जातील हे आधी कळत नाही, त्यामुळे शेवटचा आकडा कधी वर जातो, कधी खाली.

तेलंगणातून आलेल्या विणकर कुटुंबांनी शहराच्या पूर्व भागात हा धंदा वाढवला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या ओळखीवर सौदे होत आले आणि हे कमी-जास्त तोंडीच निभावले गेले. गिऱ्हाईक नवे असले, की भांडण इथेच होते.

कायद्याने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. 1930 च्या माल विक्री कायद्याचे कलम 37 सांगते की ठरल्यापेक्षा कमी माल आला तर खरेदीदार तो नाकारू शकतो. ठेवून घेतला तर ठरलेल्या दराने पैसे द्यावे लागतात. जास्त आला तर ठरला तेवढा ठेवून बाकीचा परत करता येतो, किंवा सगळाच नाकारता येतो. हे वाचून खरेदीदाराला वाटते की आपण सुरक्षित आहोत. पण त्याच कलमाच्या शेवटी एक पोटकलम आहे: हे सारे धंद्यातला रिवाज, खास करार आणि आपसातल्या व्यवहाराची पद्धत यांच्या अधीन आहे. म्हणजे कागदावर काही नसेल, तर कारखानदाराला "आमच्याकडे असंच चालतं" असे म्हणण्याची वाट मोकळी राहते. मागच्या दोन ऑर्डरींत तुम्ही मुकाट्याने जास्त नगांचे पैसे दिले असतील, तर तेही तुमच्याविरुद्ध दाखवता येते.

मर्यादा लिहिलेली असली की वाद किती आकसतो, हे 1912 च्या एका इंग्लिश खटल्यात दिसते. करार गव्हाचा होता. कमी-जास्त धरून वरची मर्यादा 4,950 टन येत होती, आणि माल त्याहून फक्त 55 पौंड जास्त भरला. खरेदीदाराने सगळाच माल नाकारला. न्यायालयाने ते मानले नाही. एवढा फरक क्षुल्लक ठरवला.

निर्यातीत बँकेचा नियम मध्ये येतो. लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे पतपत्र, खरेदीदाराच्या बँकेने दिलेली पैशांची हमी. त्याला लागू होणाऱ्या, 2007 पासूनच्या यूसीपी 600 या आंतरराष्ट्रीय नियमावलीत कलम 30 आहे. रकमेची मर्यादा न ओलांडता मालात पाच टक्के कमी-जास्त चालते. मात्र पतपत्रात माल नगांत किंवा खोक्यांत मोजून लिहिला असेल, तर ही सूट मिळत नाही. किलोत लिहिलेल्या टॉवेलला ती मिळते, नगांत लिहिलेल्याला नाही. "सुमारे" हा शब्द घातला तर दहा टक्के मिळतात, पण तो ज्या आकड्याला लावला आहे त्यालाच.

खरी मेख या एककातच आहे. समजा, एका हॉटेलने आपले नाव विणलेले 5,000 टॉवेल मागवले, प्रत्येकी 500 ग्रॅम, दर किलोला 400 रुपये. हिशेब 2,500 किलो, दहा लाख रुपये. कागदावर एवढेच: "पाच टक्के कमी-जास्त." कारखान्याने 5,250 नग पाठवले आणि प्रत्येकाचे वजन 525 ग्रॅम भरले. दोन्ही आकडे पाच टक्क्यांतच बसतात, पण एकूण वजन 2,756 किलोच्या वर जाते आणि बिल अकरा लाखांच्या पुढे. एकावर एक बसून फरक सव्वादहा टक्क्यांचा झाला. नाव विणलेले असल्याने कारखान्याला ते जास्तीचे नग दुसऱ्या कोणाला विकता येत नाहीत, म्हणून तोही अडून बसतो. मला यात दोघांचीही बाजू खरी वाटते. चूक त्या अर्धवट ओळीची आहे.

म्हणून सूत रंगायला आणि ताणा बीमवर जायच्या आधीच पुरवठादाराला असे लिहून कळवावे आणि त्याच्याकडून होकार लेखी घ्यावा:

"नग 5,000, कमी-जास्त दोन टक्के, प्रत्येक रंग व मापाला स्वतंत्र. एका नगाचे सरासरी वजन 500 ग्रॅम, फरक तीन टक्क्यांपर्यंत. बिल नगावर, वजनावर नाही. 5,100 च्या वरचे नग आमच्या लेखी संमतीशिवाय घेतले जाणार नाहीत. 4,900 पेक्षा कमी आल्यास उरलेले त्याच दराने किती दिवसांत देणार, ते कळवावे. सेकंड नग या संख्येत धरू नयेत."

टक्के किती ठेवायचे, हे कारखानदाराला विचारूनच ठरवावे. तीन रंगांची, प्रत्येकी दोनशे नगांची ऑर्डर असेल तर दोन टक्के म्हणजे रंगाला फक्त चार नग. एवढ्यात बसवणे त्याला जमणार नाही. तिथे टक्क्यांऐवजी नगच लिहावेत: प्रत्येक रंगात दहा कमी किंवा दहा जास्त.