पार्श्वभूमी: १८५२ मीटरचा मैल आणि नकाशाच्या कडेची पट्टी

दर्यानकाशावर खोली मीटरमध्ये छापलेली असते, पण अंतर मात्र सागरी मैलांत मोजायचं. हे जुन्या सवयीचं लोढणं आहे असा समज होतो. खरं कारण नकाशाच्या डाव्या-उजव्या कडेला दिसतं. तिथली पट्टी अक्षांशांची आहे आणि तिच्यावरची एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, हाच एक सागरी मैल. मैलाची वेगळी पट्टी छापायची गरजच पडत नाही. किलोमीटर हवे असतील तर ते नकाशाबाहेर, वहीत काढायचे.

गंमत अशी की किलोमीटरही याच घरातला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात मीटर ठरवला तो विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून. त्याच सुमाराला काटकोनाचे ९० ऐवजी १०० भाग करायचे आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा १०० भाग करायचे, असा बेत होता. तो टिकला असता तर पृथ्वीवरची अशी एक 'दशमान कला' बरोबर एक किलोमीटरची झाली असती आणि खलाशांनी किलोमीटरच वापरले असते. पण नकाशे, पंचांगं आणि कोन मोजायची उपकरणं ३६० अंशांचीच राहिली. म्हणून विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत किलोमीटर १०,००० आणि सागरी मैल ५,४०० (९० गुणिले ६०), असे दोन हिशेब मागे उरले. त्यांचा भागाकार १.८५१८५ येतो. आज आपण १.८५२ने गुणतो त्याचं मूळ हे. तोंडी हिशेबाला ५४ मैल म्हणजे १०० किलोमीटर एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल हा वेग. त्याचा गुंता याहून जुना आहे. जहाजाच्या मागे लाकडी फळी टाकायची, तिला बांधलेली दोरी सुटू द्यायची आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत दोरीवरच्या किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचं: जितक्या गाठी, तितके नॉट. सुरुवातीला घड्याळ ३० सेकंदांचं आणि गाठींतलं अंतर ४२ फूट होतं. तासाला याचे ५,०४० फूट होतात, कारण मैल साधारण ५,००० फुटांचा धरलेला होता. १६३० च्या दशकात एका इंग्रज गणितज्ञाने लंडन ते यॉर्क अंतर मोजून अक्षांशाची कला ६,१२० फुटांच्या आसपास येते हे दाखवलं आणि गाठी लांब करायला सांगितलं. खलाशी बराच काळ बधले नाहीत. गाठी जवळ असल्या की वेग जास्त दिसतो, हिशेबातलं जहाज खऱ्या जहाजाच्या पुढे धावतं, आणि किनाऱ्यासाठी डोळे आधीच उघडे राहतात! चूक सोयीची असली की ती मोडायला वेळ लागतो. पुढे २८ सेकंदांचं घड्याळ आणि ४७ फूट ३ इंचांची गाठ असा मेळ बसला. त्याचे तासाला ६,०७५ फूट होतात.

'तासाला' हा शब्द नॉटच्या पोटातच आहे. त्यामुळे 'ताशी १२ नॉट' म्हणणं म्हणजे तास दोनदा सांगणं. हा प्रयोग जुन्या जहाजांच्या नोंदींतही सापडतो, म्हणून त्यावर फार चिडण्यात अर्थ नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा कोणी नॉटला अंतर समजून पुन्हा वेळेने भागायला जातो.

मतभेद झाले ते मैलाच्या लांबीवरून. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने अक्षांशाची कला सगळीकडे सारखी नाही: विषुववृत्ताजवळ सुमारे १,८४३ मीटर, ध्रुवाजवळ सुमारे १,८६२. ब्रिटिशांनी ६,०८० फूट, म्हणजे १,८५३.१८ मीटर धरले. अमेरिकेचा मैल ६,०८०.२० फुटांचा होता. १९२९ मध्ये मोनाकोत भरलेल्या परिषदेने सरळ १,८५२ मीटर ठरवले. अमेरिकेने हा आकडा १९५४ मध्ये घेतला, ब्रिटनने १९७० मध्ये. टीका अशी होती, आणि ती चुकीची नव्हती, की मैल हा मुळात कोन आहे. त्याला मीटरमध्ये गोठवलं की तो पृथ्वीपासून तुटतो. तरी माझ्या मते निर्णय बरोबरच होता. जुना ब्रिटिश मैल आणि नवा मैल यांत १.१८ मीटरचा फरक, म्हणजे हजार मैलांत जेमतेम सव्वा किलोमीटर. उलट प्रत्येक देशाचा वेगळा मैल म्हणजे प्रत्येक देशाचा वेगळा नॉट. नकाशावर बोट ठेवणाऱ्याचं मात्र काहीच बदललं नाही: तो आजही कडेच्या कलाच मोजतो, आणि १,८५२ उगवतो तो वहीत.

हे एका उदाहरणात दिसतं. ६० उत्तर अक्षांशाच्या आसपास दोन ठिकाणं आहेत. डिव्हायडरची टोकं त्यांवर ठेवली आणि तेवढंच अंतर कडेच्या पट्टीवर, त्याच अक्षांशाजवळ, नेलं. २४ कला भरल्या. म्हणजे २४ मैल, गुणिले १.८५२, म्हणजे ४४.४ किलोमीटर. तिथली कला प्रत्यक्षात १,८५७ मीटरची असल्यामुळे खरं अंतर सुमारे ४४.६ भरेल. शंभर-सव्वाशे मीटरचा हा फरक डिव्हायडरच्या टोकाखालीच लपतो.

मोठ्या चुका दुसरीकडे होतात. तेच अंतर खालच्या, रेखांशाच्या पट्टीवर नेलं तर ४८ कला दिसतात, कारण ६० अक्षांशावर रेखांशाची कला अर्ध्या मैलाचीच असते. अंतर एकदम दुप्पट, ८९ किलोमीटर. मोठा प्रदेश दाखवणाऱ्या मर्केटर नकाशावर डिव्हायडर ६० ऐवजी ५० अक्षांशाजवळ टेकवला तर सुमारे ३१ मैल, म्हणजे ५७ किलोमीटर मिळतात. या नकाशात ध्रुवाकडे जावं तशी पट्टी ताणलेली असते. आणि रस्त्याच्या मैलाचा १.६०९ वापरला तर ३८.६ येतात. प्रत्येक दहा सागरी मैलांमागे साधारण अडीच किलोमीटर कमी पडले की समजावं, गुणक जमिनीवरचा आहे.

वेगाचंही तसंच. जहाज पाण्यातून १२ नॉटने चाललंय आणि नकाशावरचा प्रवाहाचा बाण समोरून २ नॉट दाखवतोय. वजाबाकी आधी नॉटमध्येच करावी: जमिनीच्या हिशेबाने १० नॉट, २४ मैलांना २ तास २४ मिनिटं. त्यानंतर हवं तर ताशी १८.५ किलोमीटर लिहावं. बाण नॉटमध्ये तसाच ठेवला आणि जहाजाचा वेग तेवढा किलोमीटरमध्ये घेतला, तर २२.२ मधून २ जातात, २०.२ उरतात आणि पोचायची वेळ १२ मिनिटं अलीकडे येते.