लिंटेल पट्टा कोपऱ्यात तुटू देऊ नका

घर बांधणारे बरेच जण सांगतात, “आमच्याकडे लिंटेल आहेच की.” पण दार-खिडकीवरचा तुकडा म्हणजे पट्टा नव्हे. तो फक्त वरच्या विटा तोलतो. भूकंपात भिंत आडव्या धक्क्याने बाहेर कलंडते आणि बहुतेक वेळा कोपऱ्यापासून उभी फाटत सुटते. लिंटेलच्या पातळीवर सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा चारही भिंतींना एकमेकींशी धरून ठेवतो. पिंपाला कडी बसवावी तसा. कडी एका जागी तुटली तर ती उपयोगाची नाही.

आतून 4 बाय 3 मीटरची खोली धरू, भिंत 230 मिमी. भिंतीइतका रुंद आणि 75 मिमी जाड पट्टा, त्यात 10 मिमीच्या दोन सळया आणि दर 150 मिमीवर 6 मिमीची आडवी कडी. कोपऱ्यांतली जोडणी धरून सळई सुमारे 37 मीटर, म्हणजे 23 किलोच्या आसपास लागते. काँक्रीट फक्त पाव घनमीटर.

चूक होते ती कोपऱ्यात. बाहेरची सळई कोपऱ्यात वळवून शेजारच्या भिंतीत किमान 600 मिमी न्यायची. आतली सळई मात्र आतल्या कोपऱ्यातच वळवायची नाही. ताण आला की ती सरळ व्हायला बघते आणि समोरचे काँक्रीट उडवते. तिला कोपरा ओलांडून पलीकडच्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूपर्यंत न्यायचे, तिथे वळवायचे आणि मग 600 मिमी पुढे. गवंड्याला हे थोडे कटकटीचे वाटते, पण यात तडजोड आम्ही करत नाही.

प्रत्येक कोपऱ्यात 12 मिमीची एक उभी सळई पायापासून छतापर्यंत जाते. विटा रचताना तिच्याभोवती खाच सोडतात आणि थर चढतील तशी काँक्रीटने गच्च भरतात. पोकळ राहिली तर सळई नुसतीच उभी राहते, भिंतीला धरत नाही. सांधा द्यायचा तर 600 मिमीचा.

सिल पट्टा खिडकीखालून जातो आणि दाराशी थांबतो. म्हणून दाराच्या दोन्ही बाजूंना उभी सळई घालून पट्ट्याच्या सळया तिच्याभोवती वळवून बांधतो. खिडकी-दार आतल्या कोपऱ्यापासून निदान 450 मिमी लांब ठेवा. त्याहून जवळ आले तर कोपऱ्याला बळ देणारी भिंतच उरत नाही.

पट्टा भुसभुशीत भिंत वाचवू शकत नाही. जुडाईचा मसाला 1:6 पेक्षा हलका नको आणि विटा भिजवूनच लावलेल्या हव्यात. पुढे प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियनला पट्टा छिन्नीने तोडू देऊ नका, पाइप पट्ट्याखालून न्या.

काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी आम्हाला बोलवा. चारही कोपऱ्यांच्या सळया तुमच्यासमोर मोजून दाखवू. एकदा काँक्रीट पडले की आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही.