वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना (सहकारी गृहनिर्माण संस्था)

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची तारीख, वेळ, जागा आणि विषय सदस्यांना आधी कळवणारे पत्र. नागपुरात या सभेला सहसा ‘आमसभा’च म्हणतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७५ प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ही सभा घ्यावी लागते. शहरातल्या अनेक इमारती मात्र संस्था म्हणून नव्हे, तर १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. त्यांना हे नियम लागू नाहीत.

आदर्श उपविधींनुसार सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यायची असते. सूचना मिळाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस यांत धरत नाहीत. सभा २७ सप्टेंबरला असेल तर १३ ते २६ हे चौदा दिवस मोकळे हवेत, म्हणून पत्र १२ तारखेपर्यंत सदस्याच्या हाती पडले पाहिजे. अगदी ३० तारखेची सभा धरली तरी १५ सप्टेंबर हा शेवटचा दिवस ठरतो. पोळा, मारबत आणि गणपतीच्या गडबडीत सचिवाच्या हातून निसटतो तो बहुधा हाच दिवस. बाहेरगावी राहणारे प्लॉटधारक असलेल्या ले-आऊटच्या संस्थांत टपालाचे दिवसही मोजावे लागतात. घरोघरी पत्र दिल्यावर वहीत तारखेसह सही घेतलेली असली, की पुढे वाद उरत नाही.

विषयपत्रिकेत मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, समितीचा वार्षिक अहवाल, लेखापरीक्षित ताळेबंद, लेखापरीक्षणातील दोषांचा दुरुस्ती अहवाल, पुढील वर्षाचे अंदाजपत्रक आणि लेखापरीक्षकाची नेमणूक हे नेहमीचे विषय असतात. खरी गफलत शेवटच्या ओळीत होते: ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी प्रत्येकी वर्गणी काढायची असेल, तर तो स्वतंत्र विषय म्हणून आधीच छापावा. ऐनवेळी मंजूर केलेली वर्गणी गैरहजर सदस्य नाकारतो, आणि सूचनेत विषयच नव्हता हे त्याचे म्हणणे खोडणे अवघड जाते. उपविधी दुरुस्तीसारखे पूर्वसूचना लागणारे विषय तर या ओळीखाली घेताच येत नाहीत.

गणपूर्ती दोन तृतीयांश किंवा २० सदस्य, यांपैकी जी संख्या कमी ती. २४ सदस्यांच्या संस्थेत १६ जण लागतात, ९० सदस्यांच्या संस्थेत २० पुरतात. दहाच्या सभेला साडेदहापर्यंत गणपूर्ती झाली नाही तर ती तहकूब होते. ‘तहकूब सभा त्याच दिवशी १०.४५ वाजता त्याच ठिकाणी होईल’ हे वाक्य सूचनेत असेल, तर त्या वेळी हजर असतील तेवढ्यांत कामकाज चालते. ते नसेल तर सभा ७ ते ३० दिवसांनंतरच घेता येते. २७ सप्टेंबरची सभा मग लवकरात लवकर ४ ऑक्टोबरला जाते आणि कायद्याची मुदत हुकते. कसूर करणाऱ्या पदाधिकाऱ्यावर अपात्रतेची कारवाई होऊ शकते.