सामायिक क्षमता-तक्त्यावर तीन प्रकल्पांत विभागलेला तज्ज्ञ

सामायिक क्षमता-तक्ता म्हणजे माणसांचे उपलब्ध तास आणि सर्व प्रकल्पांनी त्या तासांवर केलेली मागणी एकाच ठिकाणी दाखवणारा तक्ता. आयटी कंपन्यांत तो कॅपॅसिटी व्ह्यू किंवा अलोकेशन शीट या नावाने ओळखला जातो. डेटाबेस, सुरक्षा, नेटवर्क अशा विषयांचा जाणकार बहुधा एकच असतो आणि तो दोन-तीन प्रकल्पांना मिळून दिलेला असतो. अशा वेळी या तक्त्याचा खरा कस लागतो. प्रत्येक प्रोजेक्ट मॅनेजर आपल्या आराखड्यात त्याचे आपल्यापुरते तास धरतो, त्यामुळे प्रत्येक आराखडा सुटा पाहिला तर बरोबर असतो. चूक दिसते ती तिन्हींची बेरीज केल्यावर.

या विभागणीची सर्वांत प्रचलित नोंद टक्केवारीची आहे : एका प्रकल्पाला ५० टक्के, उरलेल्या दोघांना २५-२५ टक्के. बेरीज शंभर होते आणि सगळ्यांचे समाधान होते. पण ही नोंद दोन गोष्टी झाकते. पहिली म्हणजे शंभर टक्के कशाचे, हे ती सांगत नाही. आठवड्याचे ४० तास कागदावरचे असतात. चालू यंत्रणेत येणाऱ्या तक्रारी, बैठका, इतरांच्या कामाची तपासणी हे सगळे त्यातूनच जाते. आठ तास असे जात असतील, तर प्रकल्पांना वाटण्याजोगे ३२ च उरतात, आणि ५०-२५-२५ चा हिशोब ४० वर केला असेल तर पहिल्याच दिवशी आठ तासांची तूट पडलेली असते. दुसरी गोष्ट म्हणजे तज्ज्ञाचे काम सपाट नसते. डेटा स्थलांतराला तीन आठवडे त्याची जेमतेम गरज असते आणि चौथ्या आठवड्यात तो जवळजवळ पूर्ण वेळ लागतो. म्हणून तज्ज्ञाची ओळ टक्क्यांत न ठेवता आठवडावार तासांत ठेवावी. महिनाभर सारखाच आकडा पुढे ओढलेली ओळ दिसली, तर कामाचा अंदाज न करता ती भरली आहे असे समजायला हरकत नाही.

पुढील उदाहरण कल्पित आहे, पण त्याची घडण नेहमीची आहे. एका डेटाबेस तज्ज्ञाकडे तीन कामे आहेत : ‘अ’ हे एका बँकेच्या डेटाचे स्थलांतर, ‘ब’ हे संथ चालणाऱ्या अहवालांचा वेग वाढवणे आणि ‘क’ हे डेटाबेसची आवृत्ती बदलणे. आठवड्याची खरी क्षमता ३२ तास आहे.

| आठवडा | अ | ब | क | एकूण |
|---|---|---|---|---|
| १ | ८ | १० | ४ | २२ |
| २ | १२ | ८ | ६ | २६ |
| ३ | २४ | ८ | १६ | ४८ |
| ४ | ८ | ८ | १० | २६ |

महिन्याची मागणी १२२ तास आणि क्षमता १२८ तास. तक्ता महिन्याच्या रकान्यात पाहिला तर रंग हिरवाच राहील. आठवड्याच्या रकान्यात मात्र तिसरा आठवडा १६ तासांनी फुटलेला दिसतो. रकाना केवढा घ्यायचा हा निर्णय त्यामुळे दिसतो तितका किरकोळ नाही. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्येही अतिभार मिनिट, तास, दिवस, आठवडा की महिना यांपैकी कशावर तपासायचा, हे निवडावे लागते. महिना निवडला तर वरील टक्कर त्याला सापडणार नाही. उलट तासावर तपासले तर एकाच सकाळी येणारी दोन छोटी कामेही टक्कर ठरतात आणि खऱ्या अडचणी त्या गर्दीत हरवतात. तीन प्रकल्पांत वाटलेल्या माणसासाठी आठवडा हे माप सहसा पुरते.

टक्कर सोडवताना पहिली प्रतिक्रिया असते ती प्रत्येकाचे थोडे थोडे कापण्याची. ती बहुतेक वेळा चुकीची ठरते. समजा, प्रत्येकी दहा दिवसांची तीन कामे एकाच माणसाकडे आहेत. एकापाठोपाठ एक केली तर ती दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या दिवशी संपतात. रोज एक दिवस एकाला, दुसरा दुसऱ्याला असे आलटून-पालटून केले तर तीच कामे अठ्ठाविसाव्या, एकोणतिसाव्या आणि तिसाव्या दिवशी संपतात. शेवटच्याला काहीच मिळाले नाही आणि पहिल्या दोघांचा विनाकारण खोळंबा झाला. एका कामातून दुसऱ्यात डोके घालताना जाणारा वेळ यात धरलेलाही नाही. सॉफ्टवेअर व्यवस्थापनावर लिहिणारे जेराल्ड वाइनबर्ग यांच्या ढोबळ अंदाजाप्रमाणे तीन प्रकल्पांत वाटलेल्या माणसाचा ४० टक्के वेळ या अदलाबदलीत जातो. हा आकडा सूत्र म्हणून तक्त्यात घालू नये, पण तीन भागांची बेरीज शंभर धरणे भाबडेपणाचे आहे, एवढे तो नक्की सांगतो.

म्हणून वाटणीपेक्षा क्रम ठरवावा, आणि त्यासाठी प्रत्येक प्रकल्पाला एकच विचारावे : हे काम एक आठवडा सरकले तर नेमके काय अडते? उदाहरणात ‘अ’ची रंगीत तालीम बँकेने यंत्रणा बंद ठेवण्यासाठी दिलेल्या तारखेशी बांधलेली आहे, ती हलत नाही. ‘ब’ला बाहेरची तारीख नाही. त्याचे तिसऱ्या आठवड्यातले आठही तास पहिल्या आठवड्यात ओढले तर तिथली बेरीज ३० होते. ‘क’च्या १६ तासांपैकी सहा तास बॅकअपची खात्री आणि पूर्वतयारीचे आहेत. ते दुसऱ्या आठवड्यात आणले की तो आठवडा बरोबर ३२ वर येतो. तिसऱ्यात आता ‘अ’चे २४ आणि ‘क’चे १० असे ३४ उरतात. तालमीतील लॉग तपासण्याचे दोन तास ‘अ’च्या संघातील डेव्हलपरने घेतले की तिसरा आठवडाही ३२ वर बसतो. महत्त्वाचे म्हणजे ही हलवाहलव पहिला आठवडा सुरू होण्याआधी झाली तरच शक्य आहे. तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी ही टक्कर लक्षात आली, तर मागे ओढायला जागाच उरलेली नसते, फक्त पुढे ढकलणे उरते. तक्ता निदान चार ते सहा आठवडे पुढचा भरावा तो याचसाठी.

काठोकाठ भरलेला तिसरा आठवडा धोक्याचाच आहे. तालमीत काही बिघडले तर ‘क’चे दहा तास चौथ्या आठवड्यात जातील. तिथे फक्त सहाच रिकामे आहेत, तेव्हा चार तास त्याही पुढे सरकतील. हे ‘क’च्या मॅनेजरला आधीच सांगून तक्त्यात लिहून ठेवावे लागते.

सॉफ्टवेअरची आपोआप समतोल साधणारी सोय इथे अर्धीच कामाला येते. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये प्राधान्य ० ते १००० या अंकांत देतात, न सांगता ते ५०० असते, आणि १००० दिलेले काम हलवले जात नाही. तिन्ही प्रकल्प ५०० वरच ठेवले तर कोण महत्त्वाचा हे त्या अंकांतून यंत्राला कळत नाही. प्रत्येक मॅनेजरने आपापले काम १००० केले तर यंत्र काहीच हलवू शकत नाही. शिवाय ही सोय कामे पुढे ढकलते किंवा तोडते. लॉगची तपासणी दुसऱ्याला देण्यासारखा उपाय तिला सुचत नाही. म्हणून प्राधान्याचा अंक तिन्ही प्रकल्पांच्या वर असलेल्या एकाच व्यक्तीने द्यावा. तज्ज्ञाला स्वतःलाच ‘तू बघून घे’ म्हणून सोडले, तर ज्याचा फोन आधी येतो त्याचे काम आधी होते.

तक्त्यावर पक्की आणि संभाव्य मागणी वेगळ्या रंगांत दाखवावी लागते. करार न झालेल्या कामाचे तास पक्के म्हणून भरले की टक्कर खोटी दिसते, आणि वगळले की खरी लपते. लपलेली टक्कर ओळखण्याची खूण साधी आहे : तक्त्यात एकही लाल रकाना नाही, तरी तिन्ही प्रकल्पांच्या तारखा थोड्या थोड्या घसरत आहेत आणि टाइमशीटवर तज्ज्ञाचे तास सलग ४० च्या वर आहेत. अशा वेळी आधी टाइमशीटमधून प्रकल्पाबाहेरच्या कामाचे तास मोजावेत. ३२ हा आकडाच मोठा धरलेला असण्याची शक्यता अधिक असते.