ट्रॅफिक जॅम कोडं: बाहेरच्या दारापासून उलटा विचार

सरकत्या गाड्यांचं कोडं म्हणजे ६ बाय ६ चौकटींचा बोर्ड, त्यात दोन घरांच्या कार आणि तीन घरांचे ट्रक, प्रत्येक गाडी फक्त आपल्या लांबीच्या दिशेने पुढेमागे सरकते, वळणं नाही की उचलणं नाही. तिसऱ्या ओळीतली लाल कार उजवीकडच्या दारातून बाहेर काढायची. जपानी कोडेकार नोब योशिगाहारा यांनी हे १९७० च्या दशकात शोधलं आणि १९९६ पासून ते 'रश अवर' नावाने विकलं जातंय.

बहुतेक जण जी गाडी हलतेय ती हलवत सुटतात आणि तिथेच फसतात. त्यापेक्षा दारापासून मागे यायचं, म्हणजे लाल कारला कोण अडवतंय, त्याने कुठे जायला हवं, आणि तिथे आधीच कोण बसलंय.

एक सोपा डाव घ्या. लाल कार तिसऱ्या ओळीत, घर १-२. चौथ्या स्तंभात ओळ १ ते ३ उभा पिवळा ट्रक. चौथ्या ओळीत घर ४ ते ६ आडवा निळा ट्रक, सहाव्या ओळीत घर ३ ते ५ आडवा हिरवा ट्रक. पहिल्या स्तंभात ओळ ४-५ वर उभी पांढरी कार.

पिवळ्याला वर जागा नाही (तिसऱ्या ओळीच्या वर दोनच घरं, ट्रक तीन घरांचा), म्हणजे त्याला खाली ४ ते ६ मध्येच जावं लागणार. मग निळा आणि हिरवा दोघांनी चौथा स्तंभ सोडायचा, आणि तीन घरांचा आडवा ट्रक तो स्तंभ सोडून फक्त १ ते ३ मध्येच बसतो, बाकी कुठेही ठेवला तरी चौथा आलाच. म्हणजे पहिल्या स्तंभात चौथं आणि सहावं, दोन्ही घरं रिकामी हवीत. इथेच गंमत आहे. पांढरी कार एक घर खाली ढकलली की निळा लगेच मोकळा होतो, म्हणून हात तिकडेच जातो, पण मग ती सहाव्या ओळीत बसते आणि हिरवा अडकतो, वर निळा येऊन बसला की ती परत वरही येत नाही. म्हणून पांढरी वरच जायला हवी, आणि वर लाल कारच उभी आहे!

सुरुवात म्हणून लाल एक घर उजवीकडे, पांढरी दोन घरं वर, निळा तीन डावीकडे, हिरवा दोन डावीकडे, पिवळा तीन खाली, लाल बाहेर. सहा चाली.

अवघड डावात मात्र साखळी फिरून स्वतःवरच येते, म्हणजे 'अ' हलायला 'ब' हवा आणि 'ब' ला 'अ', तेव्हा कुणीतरी आधी तात्पुरतं सरकून नंतर परत यावं लागतं, आणि ते उलट्या साखळीत दिसत नाही. बोर्ड कितीही मोठा चालत असेल तर हे कोडं पी-स्पेस-कम्प्लीट, म्हणजे संगणकालाही अतिशय अवघड जाणाऱ्या प्रश्नांच्या गटातलं आहे, असं फ्लेक आणि बॉम या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलंय, त्यामुळे सगळ्या डावांना चालेल असा झटपट शॉर्टकट कुणाकडे नाही.